कॅमेरा चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही

प्रश्न: कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडला की कॅमेऱ्याचा चार्जिंगचा दिवा लागतो, पण लॅपटॉपवर काहीच येत नाही. विंडोज १० आहे. कार्ड काढून लॅपटॉपच्या खाचेत घातलं तर ड्राइव्ह दिसतो, पण उघडायला गेलं की ‘Please insert a disk’ असं म्हणतो. कार्ड ६४ जीबीचं आहे. कार्ड गेलं का? ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू?

उत्तर:

आधी कार्ड परत कॅमेऱ्यात घाला आणि कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर फोटो उघडून बघा. जुने, मधले, शेवटचे असे चारपाच फोटो पूर्ण मोठे करून पाहा, कारण नुसत्या छोट्या चित्रावर विसंबून चालत नाही. ते नीट दिसले तर कार्ड गेलेलं नाही आणि फोटोही सुरक्षित आहेत. मग अडचण फक्त ते कॉम्प्युटरपर्यंत पोचवण्याची उरते. फोटो दिसतच नसतील तर मात्र त्या कार्डावर यापुढे एकही फोटो काढू नका आणि थेट या उत्तराच्या शेवटाकडे जा. दोन्ही बाबतींत एक पथ्य पाळा: कॉम्प्युटरने ‘Format disk’ असं विचारलं तर ‘Cancel’ दाबायचं.

ड्रायव्हर शोधायला आत्ता लगेच जाऊ नका. कॅमेऱ्यातून फोटो घ्यायला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. ‘सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं टाकून लोक एकाच्या चार अडचणी करून घेतात.

तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे बिघाड आहेत, एक केबलच्या वाटेवर आणि एक कार्डाच्या खाचेत. दोन्ही एकाच वेळी दिसले म्हणून त्यांचं कारण एकच असेल असं नाही. आधी केबलचं बघू.

चार्जिंगचा दिवा लागला याचा अर्थ केबलमधून वीज जाते, एवढाच. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी माहिती नेतात. पॉवर बँक, हेडफोन, ट्रिमर यांच्याबरोबर येणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबलींत या माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबली हुबेहूब सारख्या दिसतात, टोकंही तीच. अशी केबल लावली की कॅमेरा चार्ज होतो आणि कॉम्प्युटरला काहीतरी जोडलंय हे कळतसुद्धा नाही. विंडोजचा ‘टुंग’ आवाज येत नाही, चूक दाखवणारा संदेश येत नाही, काहीच होत नाही. ही पूर्ण शांतता हीच इथली खूण आहे. ड्रायव्हर बिघडला असता तर निदान आवाज तरी झाला असता, कुठेतरी पिवळा त्रिकोण तरी दिसला असता.

केबल तपासायची सोपी रीत म्हणजे तिचं टोक बसेल असा एखादा फोन त्याच केबलने त्याच लॅपटॉपला जोडायचा. फोनने ‘File transfer’ असा पर्याय विचारला किंवा तो लॅपटॉपवर दिसला तर केबल चांगली आहे. फोन नुसताच चार्ज होत राहिला आणि त्याच्या यूएसबी सेटिंगमध्येही असा पर्याय मिळाला नाही, तर केबल बाजूला ठेवा आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली शोधा. ती हरवली असेल तर नवी घेताना ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगून घ्या. काही जुन्या छोट्या कॅमेऱ्यांना कंपनीचं स्वतःचं वेगळं टोक असायचं. ते मिनी यूएसबीसारखं दिसतं, पण मिनी यूएसबी त्यात बसत नाही. जोर लावून बसवू नका, आतल्या पिना वाकल्या की दुरुस्तीचं काम वाढतं.

केबल ठीक असूनही शांतताच असेल तर कॅमेरा चालू आहे का ते बघा. हे ऐकून हसू येईल, पण तुमच्यासारख्या तक्रारीत बऱ्याचदा हेच निघतं. यूएसबीवरून चार्ज होणारे बरेच कॅमेरे बंद असताना चार्ज होतात आणि चालू केले की चार्जिंग थांबवून कॉम्प्युटरशी बोलायला लागतात. म्हणजे चार्जिंगचा दिवा दिसतोय याचाच अर्थ कॅमेरा बंद आहे, असं असू शकतं. तेव्हा केबल जोडा आणि कॅमेऱ्याचं बटण चालू करा. काही जुन्या कॅमेऱ्यांना फोटो बघायच्या, म्हणजे त्रिकोणाच्या खुणेच्या मोडमध्ये ठेवावं लागतं. बॅटरी निम्म्याहून जास्त असलेली बरी, नाहीतर कॉपी चालू असताना कॅमेरा मध्येच बंद पडेल. कॅमेरा आपोआप बंद व्हायची वेळ मेन्यूतून वाढवून ठेवली की तीही कटकट जाते. आणि केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा, यूएसबी हब तेवढ्यापुरता काढून ठेवा.

आता मोड. इथे बहुतेकांची चुकामूक होते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कॅमेरा कॉम्प्युटरशी दोन तऱ्हांनी बोलू शकतो. पहिली तऱ्हा ‘मास स्टोरेज’. यात कॅमेरा पेन ड्राइव्हचं सोंग घेतो. आतलं कार्ड सरळ कॉम्प्युटरच्या ताब्यात जातं, त्याला ई किंवा एफ असं अक्षर मिळतं आणि आपण ‘DCIM’ फोल्डर उघडून फोटो ओढून घेतो. दुसरी तऱ्हा पीटीपी, आणि तिच्याच घरातली थोडी मोठी एमटीपी. यात कार्ड कॅमेऱ्याच्याच ताब्यात राहतं. कॉम्प्युटर यादी मागतो, कॅमेरा यादी देतो, कॉम्प्युटर एकेक फोटो मागतो आणि कॅमेरा तो काढून देतो. ग्रंथालयात काउंटरवर पुस्तक मागून घ्यावं तसं, कपाटापर्यंत आपल्याला जाता येत नाही.

या फरकातून तीन गोष्टी निघतात. पीटीपीत ड्राइव्हचं अक्षर मिळतच नाही. लोक ‘This PC’ उघडतात, सी आणि डी दिसतात, ई कुठे आहे म्हणून शोधत बसतात आणि कॅमेरा दिसत नाही म्हणून सांगतात. खरं तर त्याच खिडकीत कॅमेऱ्याच्या नावाचं एक चित्र आलेलं असतं, अक्षराशिवाय. त्यावर डबल क्लिक केलं की आत कार्ड आणि कार्डाच्या आत ‘DCIM’. दुसरी गोष्ट, हजारो फोटो असतील तर यादी यायला वेळ लागतो आणि तोवर फोल्डर रिकामा दिसतो. मिनिटभर थांबा, लगेच केबल उपसू नका. तिसरी गोष्ट शेवटी कामाला येईल: खराब झालेल्या कार्डातून फोटो परत मिळवणारी सॉफ्टवेअरं पीटीपीतून चालत नाहीत, कारण त्यांना कार्डाला थेट हात लावायचा असतो.

बहुतेक कॅनन आणि निकॉन डीएसएलआर कॅमेरे पीटीपी किंवा एमटीपीतच बोलतात, त्यामुळे मेन्यूत हा पर्याय सापडला नाही तर गोंधळू नका. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मात्र ‘USB Connection’ नावाचा पर्याय असतो आणि त्यात ‘Mass Storage’, ‘MTP’ आणि ‘PC Remote’ असे प्रकार मिळतात. यातला ‘PC Remote’ कॉम्प्युटरवरून कॅमेरा चालवण्यासाठी आहे, फोटो ओढण्यासाठी नाही. तो निवडलेला राहिला तर आवाज येतो, कॉम्प्युटरला उपकरण जोडल्याचं कळतं, पण नेहमीसारखं कार्ड उघडत नाही. कॅननच्या वायफायवाल्या अनेक कॅमेऱ्यांत आणखी एक गंमत आहे: वायफाय ‘Enable’ असेल तर यूएसबी चालतच नाही. फोनवर फोटो घेतल्यावर वायफाय तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी केबल खराब झाली असं वाटतं. मेन्यूत वायफाय ‘Disable’ करा, केबल काढून पुन्हा लावा. आणि कॅमेरा कंपनीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकलेलं असेल तर ते कॅमेरा जोडताक्षणी त्याचा ताबा घेऊ शकतं. ते बंद करून बघा. मॅकवर तर पीटीपीचा कॅमेरा फाइंडरमध्ये येतच नाही. तिथे ‘Image Capture’ किंवा ‘Photos’ उघडावं लागतं.

केबल बदलली, कॅमेरा चालू केला, मोड बघितला, आणि आता आवाज येतो पण कॅमेरा दिसत नाही, असं झालं तरच ड्रायव्हरकडे वळायचं. स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘Device Manager’ उघडा आणि ती खिडकी समोर ठेवून केबल काढा, लावा. लावल्यावर यादी एकदा हलते आणि नवी ओळ येते, ती कुठे येते ते बघा.

अलीकडेच एका ओळखीच्या बाईंचा कॅमेरा असाच होता. आवाज यायचा, ‘This PC’मध्ये काही नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘Other devices’खाली कॅमेऱ्याचं नाव पिवळ्या त्रिकोणासह दिसत होतं. त्यावर डबल क्लिक केल्यावर ‘Code 28’, म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही. कॅमेऱ्याचं नाव आलंय याचा अर्थ केबल आणि कॅमेरा दोन्ही ठीक, नाव कॅमेऱ्यानेच सांगितलेलं असतं. म्हणून उजवी क्लिक, ‘Update driver’, मग ‘Browse my computer for drivers’, मग खालचा ‘Let me pick from a list of available drivers on my computer’. तिथे यादीत ‘Portable Devices’ निवडून ‘MTP USB Device’ घ्यायचं होतं, पण तो पर्यायच दिसेना. मग ‘Settings’मध्ये ‘System’ आणि ‘About’ उघडलं आणि कारण सापडलं. ‘Edition’समोर ‘Windows 10 Pro N’ लिहिलं होतं. नावात एन असलेल्या विंडोजमध्ये मीडियाचे भाग काढलेले असतात आणि त्यांच्याबरोबर एमटीपीची सोयही जाते. ‘Settings’, ‘Apps’, ‘Optional features’ मध्ये जाऊन ‘Media Feature Pack’ घातला, लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि केबल लावल्याबरोबर कॅमेरा आपोआप आला. ड्रायव्हर हाताने निवडावाही लागला नाही.

तुमच्याकडे एन नसेल आणि तरीही त्रिकोण असेल, तर त्या ओळीवर उजवी क्लिक करून ‘Uninstall device’ करा, केबल काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि मग जोडा. एवढ्याने झालं नाही तर वर सांगितलेल्या वाटेने ‘MTP USB Device’ निवडा. नाव न येता ‘Unknown USB Device’ आणि ‘Code 43’ आलं तर मात्र ड्रायव्हरच्या मागे लागू नका. कॉम्प्युटरने ‘तू कोण’ विचारलं आणि समोरून धड उत्तर आलं नाही, असा त्याचा अर्थ असतो. तो बहुधा केबल, पोर्ट किंवा कॅमेऱ्याच्या केबल लावायच्या खाचेचा दोष असतो. दुसरी केबल, दुसरा पोर्ट, मग दुसरा कॉम्प्युटर, या क्रमाने बघा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बाहेरची उपकरणं मुद्दाम बंद केलेली असू शकतात. तिथे हे सगळं करण्याआधी तुमच्या आयटी विभागाला विचारा, एक वाक्यात उत्तर मिळेल.

आता कार्डाची खाच. ‘Please insert a disk’ हा संदेश वाचून लोक घाबरतात, पण तो बराच बोलका आहे. ड्राइव्ह दिसतो तो रीडरचा, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या खाचेचा, कार्डाचा नाही. रीडर जिवंत आहे, ड्रायव्हर बसलेला आहे, फक्त आत कार्ड घातलंय हे त्याला जाणवत नाही. खात्री करायची तर स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘Disk Management’ उघडा. रीडरच्या ओळीसमोर ‘No Media’ असेल तर नेमकं हेच घडलंय.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय रीडरच्या वयावर आहे. एसडी कार्डाच्या तीन पिढ्या नेहमी भेटतात. साधं एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि त्याच्या पुढचं एसडीएक्ससी. तुमचं ६४ जीबीचं कार्ड एसडीएक्ससी आहे. आकार तिघांचा एकच, खाचेत तिन्ही बसतात, पण जुन्या रीडरला नव्या पिढीचं कार्ड ओळखता येत नाही. फक्त साधं एसडी जाणणारा रीडर तर हमखास हरतो. एसडीएचसीपर्यंतच्या रीडरमध्ये ६४ जीबीचं कार्ड कधी चालतं, कधी नाही. पडताळायला तुमच्याकडचं एखादं जुनं ४ किंवा ८ जीबीचं कार्ड त्याच खाचेत घालून बघा. ते उघडलं आणि ६४चं उघडलं नाही तर खाच खराब नाही, जुनी आहे. एसडीएक्ससी असं स्पष्ट लिहिलेला बाहेरचा यूएसबी रीडर घ्या, लॅपटॉप बदलायची गरज नाही.

तेही जुनं कार्ड उघडलं नाही तर रीडर फक्त साधं एसडी जाणणारा असेल किंवा संपर्काचा प्रश्न असेल. कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या मऊ कोरड्या कापडाने पुसा. डाग चिकट असेल तर कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि पूर्ण वाळू द्या. कार्ड शेवटपर्यंत आत गेलंय ना तेही बघा. काही खाचांत ते अर्धं बाहेरच राहतं आणि तसंच असायचं असतं, काहींत ‘टक’ वाजेपर्यंत ढकलावं लागतं. मायक्रो एसडी असेल तर मोठ्या आकाराचा अडॅप्टर बदलून बघा. अडॅप्टर खूप लवकर खराब होतात आणि दोष कार्डावर येतो. कार्डाच्या कडेच्या छोट्या कुलुपाचं बरेच जण नाव घेतात, पण ते फक्त लिहिणं अडवतं. कुलूप लावलेल्या कार्डावरून फोटो कॉपी होतात, उलट अशा वेळी ते लावलेलंच बरं.

नवा रीडर लावल्यावरही ड्राइव्ह आला नाही तर पुन्हा ‘Disk Management’ बघा. कार्डाचा आकार साधारण ५९ जीबी आणि ‘Healthy’ दिसत असेल, पण अक्षर नसेल किंवा ते नेटवर्क ड्राइव्हचंच असेल, तर त्या पट्टीवर उजवी क्लिक करून ‘Change Drive Letter and Paths’ मधून यादीतल्या शेवटाकडचं, रिकामं अक्षर द्या. नेटवर्क ड्राइव्ह जोडलेल्या कॉम्प्युटरवर हे जास्त होतं. कार्डाला मिळालेलं अक्षर आधीच नेटवर्कच्या ड्राइव्हने घेतलेलं असतं आणि कार्ड त्याच्या मागे लपतं.

आकार बरोबर, पण ‘RAW’ लिहिलेलं आणि वर फॉरमॅटची विचारणा, असं दिसलं तर कार्डाची आतली सूची बिघडली आहे. कॅमेऱ्यात फोटो दिसत असतील तर चिंता नाही. कार्ड कॅमेऱ्यात घाला, पीटीपीने जोडा आणि फोटो उतरवून घ्या. कार्ड कॅमेऱ्याला वाचता येतंय तोवर ही वाट उघडी असते. फोटो उतरवण्याआधी ‘Scan and fix’ किंवा `chkdsk` चालवू नका. ही साधनं सूची जुळवताना फायलींचे तुकडे करून ठेवू शकतात, आणि मग परत मिळवणं अवघड होतं.

आणि कॅमेऱ्यातही फोटो दिसत नसतील तर कार्डाचं कुलूप लावा, रीडरमध्ये घाला आणि फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. ते सूचीकडे न बघता कार्डावरचा मजकूर वाचत जातं आणि फोटोच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून फायली बाहेर काढतं. त्यामुळे मूळ नावं मिळत नाहीत, आणि मोठे व्हिडिओ तुटक येऊ शकतात. फायली ठेवायची जागा विचारेल तेव्हा लॅपटॉपचा ड्राइव्ह द्यायचा, तेच कार्ड कधीही नाही. ‘Disk Management’मध्ये कार्डाचा आकारच चुकीचा, म्हणजे शून्य किंवा काही एमबी दिसत असेल, तर कार्डाच्या आतला कंट्रोलर गेला आहे आणि घरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरने काही निघणार नाही. अशा वेळी फोटो मोलाचे असतील तर कार्ड पुन्हा पुन्हा घालून बघू नका, ते थेट डेटा परत मिळवणाऱ्या लॅबकडे द्या.

तुमच्यासाठी क्रम असा: कॅमेरा चालू करून दुसऱ्या केबलने जोडा आणि आवाज येतो का ऐका. आला तर अक्षराच्या मागे न लागता ‘This PC’मध्ये कॅमेऱ्याचं नाव शोधा. आला नाही तर वेळ न घालवता एसडीएक्ससीचा रीडर घ्या. फोटो उतरल्यावर लॅपटॉपवरची फायलींची संख्या कॅमेऱ्यातल्या संख्येशी जुळवा, काही फोटो उघडून बघा, आणि त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्याच्या मेन्यूतून फॉरमॅट करा.